कार्डावरचा जादा चार्ज आणि रोखीची सवलत एकच नाहीये, आत्या

"सावधान!! कार्डाने पैसे देताना दुकानदार २% जास्त मागतो? ही सरळ चोरी आहे. १) कार्डाचं मशीन बँक फुकट देते, दुकानदाराला एक पैसाही खर्च येत नाही. २) 'रोख द्या, डिस्काउंट देतो' हा पण तोच प्रकार, फक्त नाव बदललंय, आणि दोन्ही सगळ्या जगात बेकायदा आहेत. ३) दुकानात वाद घालू नका. गपचूप कार्ड द्या आणि घरी येऊन बँकेला कळवा की हा व्यवहार मी केलेलाच नाही, पूर्ण पैसे परत मिळतात. ४) रोख मागणारा प्रत्येक दुकानदार टॅक्सचोर. दहा ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज मला गेल्या महिन्याभरात चार जणांनी पाठवला आणि चारही वेळा मी सोडून दिला, कारण फॉरवर्डला उत्तरं देत बसलं तर माणसाला दुसरा धंदा उरणार नाही. पण पाचव्यांदा तो माझ्या आत्याकडून आला, आणि तोही "अरे हे खरं आहे का" असा नाही, तर "मी केलं बरं का असं, आता पैसे कधी येतील" असा. म्हणजे तिसरा मुद्दा तिने अमलातसुद्धा आणला होता. मी दुकानांचे हिशेब लिहितो, रोज सकाळी कार्डाच्या मशीनचा आदल्या दिवसाचा हिशेब बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं हे माझं काम, त्यामुळे यातला प्रत्येक मुद्दा वाचताना कुठे काय पिचतंय ते मला दिसतं. आता लिहितोच एकदा.

तिसऱ्यापासून सुरू करतो कारण बाकीचे तीन नुसते चुकीचे आहेत, हा मात्र माणसाला गोत्यात आणणारा आहे.

"हा व्यवहार मी केलेला नाही" हे वाक्य बँकेच्या भाषेत साधी तक्रार नसतं, ती फसवणुकीची खबर असते. म्हणजे तुम्ही असं सांगताय की माझं कार्ड किंवा कार्डाची माहिती कोणीतरी तिसऱ्याच माणसाने वापरली. त्यावर बँक पहिली गोष्ट काय करते तर ते कार्ड त्याच मिनिटाला बंद करते. करायलाच हवं, कारण तुमच्या सांगण्यानुसार ते चोराच्या हातात आहे. आत्याचं कार्ड तसंच बंद झालं. नवीन कार्ड नवीन नंबरचं येतं, म्हणजे जुन्या नंबरवर आपोआप कटणारी जेवढी बिलं लावून ठेवली होती ती सगळी एकामागून एक फेल जायला लागली, आणि आत्या मला विचारते की फोन कंपनीला कसं कळलं मी तक्रार केली ते!

पुढची पायरी अजून वाईट. बँक लेखी घेते तुमच्याकडून की हा व्यवहार माझा नाही. आणि मग ती तिच्याकडची नोंद उघडून बघते. त्या नोंदीत काय असतं? व्यवहार किती वाजता झाला, कुठल्या मशीनवर झाला, कार्डाची चिप वाचली गेली का, आणि पिन टाकला असेल तर तो बरोबर पडला का. आत्याने स्वतःच्या हाताने कार्ड खोचलं, स्वतःच्या हाताने पिन टाकला. हे सगळं तिथे मिनिटासकट लिहिलेलं. चिप वाचून झालेल्या व्यवहारात "मी केलाच नाही" म्हणून दुकानदाराकडून पैसे ओढून घेणं बँकेला सहसा जमतही नाही, कारण चिप आल्यानंतर कार्ड नेटवर्कांनी, म्हणजे कार्डावर ज्यांचं चिन्ह असतं त्या कंपन्यांनी, नियमच असा करून ठेवलाय की दुकानात चिपवाली मशीन असेल आणि चिप नीट वाचली गेली असेल तर फसवणुकीचा भार कार्ड देणाऱ्या बँकेवर. म्हणजे पैसे द्यायचे झाले तर बँकेला स्वतःच्या खिशातून द्यावे लागणार, आणि ज्याला स्वतःच्या खिशातून द्यायचे असतात तो नीट चौकशी करतो हे सांगायला नको. चौकशी केली की निष्पन्न काय होणार, तर ग्राहकाने खोटं लिहून दिलंय.

आणि मुळात भांडण किती पैशांचं होतं? फक्त जादा लावलेल्या चार्जचं. वस्तू तर आत्याने घरी आणलीय, पंखा चालू आहे, त्याच्या वाऱ्यात बसून ती मला फोन करतेय. मग "पूर्ण पैसे परत" कशाचे? ज्याला खरंच वाटतं की चार्ज चुकीचा लागला, त्याने बिल आणि मशीनची चिठ्ठी दोन्ही जपून ठेवायची, आधी दुकानदाराशी बोलायचं, नाही ऐकलं तर बँकेला जे झालं तेच सांगायचं: व्यवहार माझाच आहे, पण ठरलेल्या रकमेपेक्षा इतके जास्त घेतले, हे बिल, ही चिठ्ठी. ही वेगळ्या खान्यातली तक्रार असते. तिच्यात कार्ड बंद होत नाही, खोटं लिहून द्यावं लागत नाही, आणि मागणी फक्त त्या वरच्या रकमेची असते. आत्याची तक्रार आम्ही दुसऱ्या दिवशी फोन करून मागे घेतली, तिने सांगितलं की गैरसमज झाला, पलीकडच्या बाईंनी फार ताणलं नाही. नशीब.

आता पहिला मुद्दा, मशीन फुकट. यात अर्धं खरं आहे हे मान्य करतो, नाइलाजाने. काही ठिकाणी मशीनचं भाडं खरंच नसतं. पण मशीन फुकट असणं आणि व्यवहार फुकट असणं यात टेलिफोन फुकट असणं आणि कॉल फुकट असणं याइतका फरक आहे. मी रोज बघतो ते असं: दुकानात १०००ची विक्री कार्डाने झाली, समजा दर २% आहे, तर खात्यात ९८० येतात. वीस वाटेतच कापले जातात, दुकानदाराच्या हाताला लागतच नाहीत. बिलावर मात्र हजारच असतात, त्यामुळे ग्राहकाला ते वीस कधी दिसत नाहीत.

ते वीस जातात कुठे? तीन जण वाटून घेतात. सगळ्यात मोठा वाटा साधारणपणे त्या बँकेला जातो जिने तुम्हाला कार्ड दिलंय, याला इंटरचेंज म्हणतात. एक छोटा वाटा कार्डावर ज्याचं चिन्ह असतं त्या नेटवर्कला. उरलेलं ज्या बँकेने किंवा कंपनीने दुकानात मशीन लावलंय तिला. आणि तुम्हाला जे पॉइंट मिळतात, कॅशबॅक मिळतो, तो बऱ्याच अंशी त्या पहिल्या वाट्यातून येतो. म्हणजे दुकानदाराच्या गल्ल्यातून कापलेले पैसे बँकेच्या हातून फिरून तुमच्याकडे बक्षीस म्हणून येतात. म्हणूनच भारी पॉइंटवाल्या क्रेडिट कार्डाचा दर जास्त असतो आणि साध्या डेबिट कार्डाचा बराच कमी. हा दर सगळीकडे सारखा नसतो, युरोपियन युनियनमध्ये तर डिसेंबर २०१५ पासून ग्राहकांच्या कार्डांसाठी इंटरचेंजला कायद्याने टोपी घातलीय, डेबिटला ०.२% आणि क्रेडिटला ०.३%. तिथला दुकानदार रडला तर कमी रडेल. पण "एक पैसाही खर्च येत नाही" हे कार्डाच्या बाबतीत सहसा खरं नसतं.

मग दुकानदाराकडे मार्ग दोन. एक, खर्च सगळ्यांच्या किमतीत मिसळून टाकायचा, जसं वीजबिल आणि भाडं मिसळतो तसं. बहुतेक दुकानं हेच करतात. यात रोख देणारा माणूसही कार्डवाल्याच्या पॉइंटचे पैसे थोडे थोडे भरत असतो, पण त्याला कोणी चोरी म्हणत नाही कारण दिसत नाही. दोन, ज्याच्यामुळे खर्च आला त्याच्याकडूनच वसूल करायचा. या दुसऱ्या मार्गाच्या पुन्हा दोन वाटा आहेत, आणि मेसेजवाल्याचा खरा घोळ तिथे आहे.

दुसरा मुद्दा म्हणतो जादा चार्ज आणि रोखीची सवलत ही एकाच गोष्टीची दोन नावं. इथे मला थांबावं लागतं कारण हे वाक्य मूर्खपणाचं नाहीये. गल्ल्यापाशी उभं राहून बघितलं तर खरंच दोन्हीत कार्डवाला जास्त देतो आणि रोखवाला कमी. फरक गल्ल्यापाशी नाही, तो वस्तूवर चिकटवलेल्या किमतीत आहे. जादा चार्जमध्ये पाटीवर कमीवाला आकडा असतो आणि कार्ड काढलं की तो वाढतो. सवलतीमध्ये पाटीवर जास्तवाला आकडा असतो, कार्ड काढा नाहीतर काहीही काढा त्याच्यावर जाणार नाही, रोख दिली तर खाली येईल. बस, एवढाच फरक. पण या एवढ्याशा फरकावर अमेरिकेत सुप्रीम कोर्टापर्यंत खटला गेलाय.

न्यूयॉर्क राज्यात १९८४ सालचा एक कायदा होता: क्रेडिट कार्डाने देणाऱ्याला जादा चार्ज लावायचा नाही. मोडला तर ५०० डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. पण रोखीची सवलत द्यायला त्यात मनाई नव्हती, उलट अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १९७४ पासूनच कार्ड कंपन्यांना बजावलं होतं की दुकानदाराला रोखीची सवलत देण्यापासून अडवायचं नाही. या राज्याच्या कायद्याविरुद्ध पाच धंदेवाले कोर्टात गेले, त्यात एक्स्प्रेशन्स हेअर डिझाइन नावाचं केस कापायचं दुकान होतं आणि खटल्याला त्याचंच नाव पडलं. २०१७च्या मार्चमध्ये निकाल आला. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी उदाहरण घेतलंय ते इतकं सोपं आहे की मी आत्याला तेच सांगितलं. समजा रोखीत १० डॉलर आणि कार्डाने १० डॉलर ३० सेंट घ्यायचेत. या कायद्याने हे आकडे घ्यायला बंदी नाही. बंदी आहे ती "१० डॉलर, कार्डाला ३% जादा" असं लिहायला. एकच किंमत लावायची तर ती १०.३० लावा आणि रोखवाल्याला ३० सेंट सोडा. म्हणून कोर्ट म्हणालं की हा कायदा किती पैसे घ्यायचे ते सांगतच नाही, किंमत कशी सांगायची ते सांगतो, म्हणजे हे बोलण्यावरचं नियंत्रण झालं, आणि त्या दृष्टीने तपासायला प्रकरण खालच्या कोर्टाकडे परत पाठवलं.

आता मेसेजवाला म्हणेल, बघा, मी तेच म्हणतोय, नुसता शब्दांचा खेळ. तर त्याच खटल्याचं पुढचं प्रकरण ऐका. खालच्या कोर्टाने राज्याच्या सर्वोच्च कोर्टाला विचारलं की तुमच्या या कायद्याचा नेमका अर्थ काय, आणि २०१८ मध्ये उत्तर आलं: दुकानदाराने कार्डाने देणाऱ्याला एकूण किती पडणार तो पूर्ण आकडा, डॉलर-सेंटमध्ये, पाटीवर लिहिला की झालं, मग त्या फरकाला तो काय नाव देतो ते देऊ दे. टक्के लिहून गिऱ्हाइकाला तोंडी हिशेब करायला लावायचा नाही. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे सुधारित कायद्यातही तेच आलंय, वर एक भर: फरक दुकानदाराला खरोखर पडणाऱ्या दरापेक्षा जास्त नको. म्हणजे खेळ शब्दांचा नव्हता. प्रश्न असा होता की माणूस दुकानात शिरायच्या आधी त्याच्या डोळ्यासमोर कुठला आकडा आहे.

हे का महत्त्वाचं ते आत्याच्याच पंख्यावरून सांगतो, आकडे सोपे करून. शेजारी शेजारी दोन दुकानं. एकात पंख्यावर १००० लिहिलंय, दुसऱ्यात त्याच पंख्यावर १०१५. आत्याने अर्थातच पहिलं दुकान धरलं. पंखा खोक्यातून काढून लावून बघितला, परत बांधून घेतला, बिल झालं, क्रेडिट कार्ड काढलं आणि तेव्हा दुकानदार म्हणाला कार्डाला अडीच टक्के पडतील. चिठ्ठी निघाली १०२५ची. आता एवढं सगळं झाल्यावर कोण उठून शेजारी जातंय? शेजारचा कार्डालाही १०१५च घेत होता, त्याच्याकडे जादा चार्ज नव्हता. म्हणजे कमी किंमत बघून आत गेलेली आत्या दहा जास्त देऊन बाहेर आली.

हेच पहिल्या दुकानाने रोखीची सवलत म्हणून केलं असतं तर? घेतले असते तेवढेच, कार्डाला १०२५, रोखीला १०००. पण मग पंख्यावर १०२५ लिहावं लागलं असतं आणि खाली "रोखीत २५ कमी". आत्याने दारातूनच १०२५ आणि १०१५ बघितलं असतं आणि कार्डाने द्यायचं होतं म्हणून शेजारी गेली असती. खिशात रोख असती तर हजारात पंखा घेऊन खूश झाली असती. गल्ल्यावरचे आकडे तेच, पण निवड वेगळी. याला नाव बदलणं म्हणत नाहीत.

माणसाच्या डोक्यातही दोन्ही सारखे बसत नाहीत. रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी १९८० च्या एका लेखात हेच क्रेडिट कार्डाचं उदाहरण घेतलंय: कार्ड कंपन्यांचा आग्रह असतो की फरक ठेवायचाच असेल तर त्याला रोखीची सवलत म्हणा, जादा चार्ज म्हणू नका. कारण सवलत हुकली तर माणूस हळहळतो, पण खिशातून जादा गेले तर चिडतो, आकडा तोच असला तरी. चिडलेला माणूस कार्ड परत आत ठेवतो. कार्ड कंपन्यांना जे वर्षानुवर्षं कळत होतं ते या मेसेजवाल्याला कळलेलं नाही.

एक छोटी आकडेमोड सांगतो, कारण इथे दुकानदारही गंडतात आणि मग भांडणं होतात. ३% जादा आणि ३% सवलत यांनी येणारे आकडे सारखे नसतात. हजारावर ३% चढवले तर १०३०. पण १०३० पाटी लावून त्यावर ३% सोडले तर ९९९.१० होतात, हजार नाही, कारण टक्का आता मोठ्या आकड्यावर चाललाय. आणि दुकानाचा दर ३% असेल तर बँक तो कापते पूर्ण १०३० वर, म्हणजे ३०.९०, फक्त मूळ हजारावर नाही. म्हणजे ३० जादा घेऊनसुद्धा दुकानदाराच्या खात्यात हजाराला नव्वद पैसे कमीच. त्यामुळे कधी कधी दुकानदार दरापेक्षा किंचित जास्त टक्का लावतो त्यामागे लबाडीच असते असं नाही. पण दर दोन असताना अडीच लावणं हे त्या हिशेबात बसत नाही. वर धरलेला २% दरच घेतला तर आत्याच्या १०२५ वर साडेवीस कापले गेले, दुकानाला १००४.५० मिळाले. वरचे साडेचार कशाचे? इथे मी मेसेजवाल्याच्या बाजूला एक पाऊल टाकतो. खर्च वसूल करणं वेगळं आणि खर्चाच्या नावाखाली चार पैसे काढणं वेगळं. सरसकट एकच टक्का लावणारे तर डेबिट कार्डवाल्याला जास्तच कापतात, कारण त्याचा दर मुळात कमी असतो.

आणखी एक चलाखी असते ती ओळखायला शिका. पाटीवर हजार, मशीनमध्ये आधीच भरून ठेवलंय की प्रत्येक बिलावर "सेवा शुल्क" चढवायचं, आणि रोख दिली की ते काढून टाकायचं, आणि भिंतीवर बोर्ड: "आम्ही रोख सवलत देतो". ही सवलत नाही, हा जादा चार्जच आहे, सवलतीचा सदरा घातलेला. तपासायला काही लागत नाही. कार्डाने दिलेली रक्कम आणि वस्तूवरची पाटी शेजारी ठेवा. पाटीइतकी किंवा कमी असेल तर सवलत. पाटीपेक्षा जास्त असेल तर जादा चार्ज, बोर्डावर काहीही लिहू दे.

आणि "दोन्ही सगळ्या जगात बेकायदा" हे तर कुठून आणलं कोण जाणे. युरोपियन युनियनमध्ये जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या बहुतेक कार्डांवर जादा चार्ज लावायला बंदी आहे, पण त्याच नियमात दुकानदाराने सवलत द्यायला हरकत नाही असंही आहे. ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये तिथल्या रिझर्व्ह बँकेनेच जादा चार्जवरची नेटवर्कांची बंदी उठवली, आणि मग लोक वाट्टेल तेवढा लावायला लागल्यावर २०१६ पासून खर्चापेक्षा जास्त लावायचा नाही असा नियम आणला. भारतात डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की डेबिट कार्डाचा हा खर्च दुकानदार ग्राहकावर टाकणार नाही एवढं बघा. अमेरिकेत राज्याराज्यांत वेगळं. म्हणजे जादा चार्जला कुठे बंदी, कुठे मर्यादा, कुठे परवानगी, तुमच्या इथला नियम बघावाच लागतो. पण ज्या ठिकाणी जादा चार्जला बंदी आहे तिथेही रोखीच्या सवलतीकडे कायदा सहसा वेगळ्या नजरेने बघतो, आणि दोन्ही एकच असते तर असं झालंच नसतं.

जिथे चालतो तिथे तो रीतसर कसा असतो तेही सांगतो, म्हणजे ओळखता येईल. पैसे द्यायच्या आधी सांगितलेला असतो, दारात किंवा गल्ल्यावर लिहिलेला असतो, आणि बिलावर स्वतंत्र ओळीत येतो, वस्तूच्या किमतीत मिसळून नाही. ती स्वतंत्र ओळ परतीच्या वेळी कामाला येते. वस्तू परत केली तर नुसते हजार नाहीत, त्यावरचे पंचवीसही मागून घ्यायचे. आत्याच्या बिलावर ती ओळ नव्हती. बिल हजाराचं, मशीनची चिठ्ठी १०२५ची, आणि मधल्या पंचवीसचा कागदावर कुठे उल्लेख नाही. पंखा उद्या परत करायचा झाला तर दुकानदार बिल दाखवून हजारच हातावर ठेवणार.

चौथा मुद्दा पटकन उरकतो. रोख घेणं म्हणजे टॅक्सचोरी असेल तर निम्मा बाजार तुरुंगात जाईल. रोख घेऊन पक्कं बिल देणारा दुकानदार काही लपवत नाहीये, कार्ड घेऊन बिल न देणाऱ्याबद्दल मात्र मला शंका येते. रोख मागणाऱ्याला बिल मागा, चाचरला तर समजा. दुकानदारांनाही एक सांगायचंय, रोखही फुकट नसते बरं का, मोजायला माणूस, सुट्ट्यांची मारामारी, बँकेत भरायला जा, खोटी नोट निघाली तर आपलीच. मी हिशेब लिहितो, संध्याकाळी गल्ला जुळत नाही तेव्हा जो वेळ जातो त्याचं बिल कोणी कार्डवाल्याला लावत नाही. त्यामुळे "कार्डाचा पूर्ण दोन टक्के खर्च तुमच्यामुळे" हे वाक्यसुद्धा पूर्ण खरं नसतं.

हे सगळं आत्याला फोनवर सांगून झालं. तिने ऐकून घेतलं, मध्ये एकदा दूध उतू गेलं म्हणून उठून गेली, परत आली आणि म्हणाली, "म्हणजे त्याने पंख्यावर १०२५ लिहिलं असतं तर तू काही बोलला नसतास?"

म्हटलं, नाही.

"मग मी तिथे गेलेच नसते की!"

मेसेज अजून दहा ग्रुपवर फिरतोय, त्यातल्या तीन ग्रुपवर तो तिनेच टाकला होता. तिथे हे टाकायला सांगितलंय.